डिझाइन बेसिस मेमोरँडम: आरसीसी कॅन्टिलिव्हर रिटेनिंग वॉल, मुळशी तालुक्यातील शाळा (सुधारणा १)

व्याप्ती: शाळेच्या मागे, वरच्या रस्त्यालगत ४२ मीटर लांबीची भिंत. पायाच्या तळापासून उंची ५.० मीटर. काँक्रीट एम३०, सळई एफई ५००डी. आरसीसी डिझाइन आयएस ४५६:२००० नुसार.

जुनी दगडी भिंत मैदानाकडे झुकली आहे. पाहणीत तिची सगळी वीप होल गिलाव्याने बुजलेली आढळली. एकात सळई घातली, तर गढूळ पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

माती: मागे फक्त निवडक मुरूम, २०० मिमीच्या थरांत दाबून. घनता १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर, घर्षणकोन ३० अंश, कोहेजन शून्य. मुरुमात थोडं कोहेजन असतं, पण भिजल्यावर त्याचा भरवसा नाही. Ka = ०.३३. खोदाईतली काळी माती भरावात चालणार नाही, ती फुगते. पाया कठीण मुरुमावर, अनुज्ञेय भारक्षमता २०० किलोन्यूटन प्रति चौ.मी., तळाचा घर्षणगुणांक ०.५.

सरचार्ज: वरून एसटी आणि वाळूचे डंपर जातात. म्हणून १.२ मीटर भरावाइतका, म्हणजे २१.६ किलोन्यूटन प्रति चौ.मी. भिंत सरकण्या-उलटण्याच्या तपासणीत टाचेवरचं त्याचं वजन धरलेलं नाही.

दाब, प्रति मीटर: मातीचा ७५ आणि सरचार्जचा ३६, एकूण १११ किलोन्यूटन. उलटवणारा मोमेंट २१५ किलोन्यूटन-मीटर.

सुरक्षा गुणांक: उलटण्यासाठी किमान २.०, सरकण्यासाठी १.५, भूकंपात (झोन ३) अनुक्रमे १.५ आणि १.२, गणना वेगळ्या पत्रकात. ३.५ मीटर रुंद पाया उलटण्यात २.६ देत होता, सरकण्यात मात्र जेमतेम १.२. म्हणून रुंदी ४.२५ मीटर केली (टो ०.९, स्टेम ०.४५, हील २.९; स्लॅब ०.५ जाड). आता उलटणे ३.८, सरकणे १.५२, जमिनीवरचा कमाल दाब सुमारे ११६. टोपुढच्या मातीचा प्रतिरोध शून्य धरला आहे. तिथे उद्या कुणी पाइपसाठी चर खणेल.

निचरा: वरचे सगळे आकडे भरावात पाणी साचत नाही असं धरूनच खरे आहेत. भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला तर माती-पाण्याचा दाब ७५ वरून १६५ वर जातो. तळाचा उचल दाब सोडला तरी सरकण्याचा गुणांक ०.९ होतो, म्हणजे भिंत सरकते. त्यामुळे निचरा हा डिझाइनचाच भाग आहे. बिलातली बचत म्हणून तो कापू नये.

भिंतीमागे ६०० मिमी रुंद खडीचा फिल्टर, भोवती जिओटेक्स्टाइल. १०० मिमी पीव्हीसीची वीप होल १.५ मीटर अंतराने, एकाआड एक, बाहेर उतार देऊन. सर्वांत खालची ओळ मैदानापासून २०० मिमी वर. टाचेशी १५० मिमी छिद्रित पाइप, त्याचं तोंड गटारात. माथ्यावर ३०० मिमी चिकणमातीचा थर आणि रस्त्याकडेला पक्कं गटार.

भराव टाकण्याआधी प्रत्येक वीप होलमधून पाणी सोडून पाहावं आणि साइट रजिस्टरमध्ये नोंद करावी. पुढे दरवर्षी मे महिन्यात शाळेने ती साफ करून घ्यावीत.