पहिल्या संक्रांतीला, अनघाला

अनघे, हा मेसेज रात्री साडेतीनला पोचेल. मुद्दामच पाठवतेय, कारण तू जागी असणार. उत्तर लिहू नकोस. एक हात बाळाच्या मानेखाली असताना दुसऱ्या हाताने टाइप करता येतं, पण चहा पिता येत नाही, हे मला अजून आठवतंय. हात मोकळा झाला तर चहा पी.

गेल्या उत्तरायणला तू आमच्या गच्चीवर सकाळी सातला हजर होतीस, गेंडीगेटहून आणलेली फिरकी घेऊन. बोटांना पट्ट्या, तोंडाने सतत ‘लपेट, लपेट!’ उंधियूला खाली यायलासुद्धा तयार नव्हतीस. यंदा तुझा दिवस सातला सुरू होत नाही आणि रात्री संपतही नाही. मध्ये मध्ये थोडा थांबतो, एवढंच. आईला भेटायला दांडिया बाजारात जायचं तरी आधी दूध, मग ढेकर, मग दुपटं बदलणं, तोवर पुन्हा दूध. सगळे विचारतात, ‘बाळ कसं आहे?’ तू कशी आहेस?

माझ्या पहिल्या संक्रांतीला मी मागच्या खोलीत होते. वर भोंगे, पिपाण्या, आरडाओरडा. मोठ्याला नुकतं झोपवलेलं आणि तो दचकून उठला. मी काळ्या साडीत बसून रडले. साडीवर दुधाचे डाग. खाली कुणी आलं नाही, आणि मीही कुणाला बोलावलं नाही. तू बोलाव.

हलव्याचे दागिने सासूबाईंनी केलेत ना? मुकुट, बाजूबंद घालून फोटो काढा आणि लगेच उतरवा. पहिलं म्हणजे तो काटेरी हलवा टोचतो, दुसरं म्हणजे हाताला येईल ते तो तोंडात घालणार. मुंग्या तिसऱ्या. बोरन्हाणाची घाई नको. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, आणि तीन महिन्यांच्या बाळावर बोरं नि उसाचे करवे कशाला? मांडीवर घेऊन चार चुरमुरे दुपट्यावर टाकले की झालं. ते मग मोजून उचल. खरं बोरन्हाण पुढच्या वर्षी, तो स्वतः बोरं लुटेल तेव्हा.

चौदाला दुपारी दोनला मी येतेय. डब्यात उंधियू, जिलेबी आणि गुळाची पोळी. तूप वेगळं आणते. बाळाला मी घेईन, खिडक्या लावून. दोन ते चार तू वर जाऊन एक पतंग उडव, नाहीतर झोप. घर आवरू नकोस, मला बसायला कपड्यांच्या ढिगाशेजारची जागा पुरते.

तिळगूळ घे. गोड बोलायची सक्ती तुला यंदा नाही. ‘दूध पुरतं का गं?’ असं चौथ्यांदा कुणी विचारलं तर खुशाल तिखट बोल. मी आले की मला सांग काय बोललीस ते.

तुझी, वैशाली