सकाळी चिडचिडी येणारी मुले आणि त्यांची झोप : पालकांसाठी पत्र

दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५
पूर्वप्राथमिक विभाग, डोंबिवली (पूर्व)

शिशुवर्ग, लहान गट आणि मोठा गट येथील सर्व पालकांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नियमित सुरू झाली आहे, परंतु सकाळी दारातून आत येणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले अजून अर्धवट झोपेत असतात. काही जण रिक्षाकाकांच्या खांद्यावर मान टाकून येतात, काही जण बुटाचा बंद नीट लागला नाही एवढ्या कारणावरून रडू लागतात, तर काही जण वर्गात शिरताच धावत सुटतात आणि समोर येईल त्याला ढकलतात. हा तिसरा प्रकार पाहून 'आज स्वारी फारच मस्तीत आहे' असे आपल्याला वाटते. परंतु थकलेले मोठे माणूस जसे मंदावते, तसे थकलेले लहान मूल मंदावतेच असे नाही. अपुरी झोप झालेले मूल अनेकदा अधिक चंचल, हट्टी आणि रडवे होते. त्यामुळे झोपेची तक्रार आपण वागणुकीची तक्रार समजून बसतो आणि ज्या मुलाला विश्रांती हवी असते, त्याला रागावतो.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, १० ते १३ तास झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच प्रमाण आहे. प्रत्येक मूल वेगळे असते, म्हणून १० आणि १३ यांमध्ये आपले मूल कुठे बसते हे त्याच्याकडे पाहूनच ठरवावे. जे मूल सकाळी हाक मारण्यापूर्वी किंवा एका हाकेत उठते आणि दुपारपर्यंत आनंदात राहते, त्याची झोप पुरेशी होत आहे असे समजण्यास हरकत नाही.

'शाळा लवकर भरते, म्हणून झोप होत नाही,' असे काही पालकांनी आम्हांला सांगितले. हा मुद्दा राज्यपातळीवरही चर्चेत आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचे परिपत्रक काढले. आपले वर्गही आता नऊलाच भरतात. मात्र पालकांशी बोलताना असे दिसते की सकाळचा जो वेळ मिळाला, तो बऱ्याच घरांत रात्रीच्या जागरणाने गिळून टाकला. पूर्वी दहाला झोपणारे मूल आता अकराला झोपते.

अडचण नेमकी कोठे आहे, हे समजण्यासाठी आपल्याकडील एका नेहमीच्या दिवसाचा हिशोब मांडून पाहू. मूल रात्री साडेअकराला झोपते आणि सव्वासातला त्याला उठवावे लागते. म्हणजे रात्रीची झोप पावणेआठ तास. साडेबाराला शाळा सुटते, जेवण होते, आणि घरी किंवा पाळणाघरात ते साडेतीन ते साडेपाच असे दोन तास गाढ झोपते. एकूण बेरीज पावणेदहा तास होते. घरातील मंडळींना मूल संध्याकाळी ताजेतवाने दिसते, म्हणून झोप पुरते आहे असे वाटते. परंतु रात्रीची तूट दुपारी भरून निघते आणि शाळेची वेळ त्या दोहोंच्या मधे येते. त्यामुळे मुलाचा सर्वांत थकलेला काळ वर्गाच्या वाट्याला येतो. शिवाय साडेपाचला उठलेल्या मुलाला नऊ वाजता झोप येणे कठीणच असते, कारण जागे राहण्याचा काळ जसा वाढतो तशी झोपेची ओढ वाढत जाते, आणि त्याला जागे होऊन जेमतेम साडेतीन तास झालेले असतात. मग पुन्हा साडेअकरा वाजतात.

म्हणून आमची विनंती अशी आहे की सुरुवात रात्री 'झोप, झोप' म्हणून जबरदस्तीने करू नये. झोप न आलेल्या मुलाला दोन तास अंधारात पडून राहायला लावले, तर अंथरुणाशी त्याचे भांडण सुरू होते. बदल सकाळ आणि दुपार यांपासून करावा. सकाळी उठण्याची वेळ सात ठरवली असेल, तर ती रविवारीही शक्यतो तीच ठेवावी. फार तर अर्धा तास इकडे तिकडे. रविवारी दहापर्यंत झोपलेले मूल रात्री उशिरापर्यंत जागते आणि सोमवारची सकाळ आठवड्यातील सर्वांत रडवी सकाळ ठरते, हे कोणतीही बालवाडीची ताई सांगू शकेल. उठल्यावर पडदे उघडावेत, शक्य असल्यास मुलाला गॅलरीत किंवा खाली उजेडात न्यावे, कारण सकाळच्या प्रकाशाने शरीराचे घड्याळ जागेवर येते.

दुपारची झोप शिशुवर्गातील बहुतेक मुलांना अजून हवी असते. ती एकदम बंद करू नये. ती लवकर सुरू व्हावी, साधारण तासाभराची असावी आणि चारच्या आत संपावी, एवढेच पाहावे. मोठ्या गटातील अनेक मुलांना ती लागत नाही. त्यांनी दुपारी नुसते शांत पडून राहिले किंवा चित्रे काढली तरी चालते. ज्यांची मुले पाळणाघरात जातात, त्यांनी तेथील ताईंशी याबाबत स्पष्ट बोलावे. अनेक मुलांना एकत्र सांभाळताना सर्व मुले झोपलेली असणे त्यांच्याही सोयीचे असते, त्यामुळे आपण सांगितल्याशिवाय कोणी मुलाला चारला उठवणार नाही. लेखी हवे असल्यास शाळा तशी चिठ्ठी देईल.

हे दोन बदल झाले, की रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणता येते. दुपारी तासभर झोपणारे मूल रात्री नऊ ते साडेनऊच्या दरम्यान झोपले आणि सातला उठले, तर साडेदहा ते अकरा तास होतात आणि ते पुरेसे आहेत. दुपारी न झोपणाऱ्या मुलाला मात्र साडेआठच्या सुमारास अंथरुणावर घ्यावे.

येथे सर्वांत अवघड प्रश्न येतो, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. आपल्यापैकी अनेकांचे आई किंवा बाबा मुंबईहून लोकलने घरी पोहोचतात, तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. दिवसभर वाट पाहणाऱ्या मुलाला तेव्हाच झोपवणे दोघांनाही जड जाते, आणि त्या वेळी सुरू झालेली उड्यांची आणि गुदगुल्यांची मजा साडेदहापर्यंत चालते. ही भेट तोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती शांत असावी, एवढेच सुचवतो. उशिरा येणाऱ्या पालकाने झोपण्यापूर्वीची गोष्ट सांगण्याचे काम स्वतःकडे घ्यावे. दिवा मंद, मूल अंथरुणात, आणि आई किंवा बाबा शेजारी. दंगामस्तीसाठी सकाळी शाळेपूर्वीची वीस मिनिटे ठेवता येतील. ज्या दिवशी गाडी खूपच उशिरा येईल, त्या दिवशी मुलाला जागे ठेवू नये.

रात्रीचा क्रम रोज एकच असावा. आठच्या आत जेवण, हातपाय धुणे किंवा कोमट पाण्याने अंघोळ, दात घासणे, लघवीला जाऊन येणे, एक गोष्ट किंवा अंगाई, आणि दिवा बंद. आजीने तळपायाला तेल चोळायचे असेल, तर तेही या क्रमात आनंदाने बसते. 'आणखी एक गोष्ट' आणि 'पाणी हवे' या मागण्या होणारच. गोष्टींची संख्या आधीच सांगून ठेवावी आणि पाण्याचे भांडे उशाजवळ ठेवावे. 'झोपला नाहीस तर बागुलबुवा येईल' असे मात्र कृपया म्हणू नये. भ्यालेले मूल डोळे मिटते, पण रात्री दचकून उठते आणि पुढे अंधाराला घाबरू लागते.

मोबाईल आणि टीव्ही झोपण्याच्या किमान एक तास आधी बंद असावेत. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक कमी होते, आणि लहान मुलांवर हा परिणाम मोठ्या माणसांपेक्षा अधिक होतो. एका खोलीत पाच माणसे राहत असताना घरातील सर्वांनी मालिका बंद करावी, ही अपेक्षा आम्ही करत नाही. मुलाचे अंथरूण टीव्हीच्या पडद्यासमोर नसावे, आवाज कमी ठेवावा आणि मोठी ट्यूबलाइट बंद करावी, एवढे बहुतेक घरांत जमते. संध्याकाळी बिस्किटांबरोबर मुलांना दिला जाणारा चहा आणि कोला हेही बंद करावेत. त्यांतील कॅफीन लहान शरीरात बराच वेळ राहते.

काही मुलांची झोप तासांनी पुरेशी असूनही ती थकलेली उठतात. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, रात्री शौचाच्या जागी खाज येऊन वारंवार उठत असेल, किंवा फिकट दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. वाढलेले टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड, जंत, लोहाची कमतरता अशी कारणे त्यामागे असू शकतात. मूल शांत झोपावे म्हणून सर्दीचे किंवा झोपेचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये.

शाळेच्या बाजूने सांगायचे, तर प्रत्येक वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात सतरंजी आणि उशा ठेवल्या आहेत. पेंगणाऱ्या मुलाला प्रार्थनेनंतर तेथे वीस-पंचवीस मिनिटे पडू दिले जाते. त्याबद्दल त्याला कोणी हसणार नाही आणि आपल्याला बोलावणेही येणार नाही. घरात लग्नकार्य असेल, रात्री ताप आला असेल किंवा प्रवासातून पहाटे परतला असाल, तर त्या दिवशी साडेनऊपर्यंत मुलाला आणले तरी चालेल. सोडताना ताईंना 'आज झोप झालेली नाही' एवढे एक वाक्य सांगावे, मात्र मुलासमोर त्याच्या रडण्याचे वर्णन करू नये. रिक्षाने किंवा व्हॅनने येणाऱ्यांनी तेच डायरीत लिहावे.

सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर सोमवार, २४ नोव्हेंबरपासून दोन आठवडे मुलाची रात्री झोप लागल्याची वेळ, सकाळी उठण्याची वेळ आणि दुपारच्या झोपेची वेळ लिहावी. आकडे चांगले दिसावेत म्हणून ते बदलू नयेत. कागदावर कोणतेही गुण दिले जाणार नाहीत. भरलेला कागद सोमवार, ८ डिसेंबर रोजी डायरीत ठेवून पाठवावा. शनिवार, १३ डिसेंबर रोजी सकाळी १० वाजता पालकसभा आहे. त्यात वर्गशिक्षिका प्रत्येक पालकाशी या नोंदींवर स्वतंत्रपणे बोलतील. आजी-आजोबा किंवा पाळणाघराच्या ताई मुलाला झोपवत असतील, तर त्यांनाही सोबत आणावे. त्यापूर्वी काही विचारायचे असल्यास शाळेच्या दिवशी दुपारी १२.४५ ते १.३० या वेळेत कार्यालयात भेटता येईल.

आपली स्नेहांकित,
मुख्याध्यापिका
पूर्वप्राथमिक विभाग