विषय: फवारणी पंपाच्या व्हॉल्व्ह ब्लॉकची ड्रॉइंग

शिंदे साहेब, नमस्कार.

५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचं तुमचं गोपनीयतेचं हमीपत्र काल कुरिअरने मिळालं. कलम ४ मध्ये तुम्ही स्वतःहून ‘बाहेरचे जॉबवर्कवाले’ हे शब्द घातलेत, हे फार बरं केलंत. पोच म्हणून आमच्या सहीची प्रत सोबत जोडली आहे.

ठरल्याप्रमाणे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या दोन फाइल पाठवत आहे: `VB-07_R3.pdf` आणि `VB-07_R3.step`. पीडीएफच्या प्रत्येक पानावर तुमच्या कारखान्याचं नाव वॉटरमार्क म्हणून आहे. असेंब्लीचं ड्रॉइंग देत नाही. मशिनिंगला ते लागत नाही.

एवढी काळजी का, ते मोकळेपणाने सांगतो. सीटजवळच्या तिरक्या पोर्टवर आमचं पेटंट घ्यायचं चाललंय आणि अर्ज अजून दाखल व्हायचा आहे. त्याआधी ही रचना चारचौघांत गेली, तर तिचं नावीन्यच संपतं आणि पेटंट हातचं जातं. शिवाय व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. सगळी भिस्त करारावरच असते, म्हणून तुमच्या सहीला आमच्या लेखी मोठी किंमत आहे.

आता कामाचं. मटेरियल ६०६१-टी६. मुख्य बोअर १८ एच७, म्हणजे १८.००० ते १८.०१८ मिमी, आणि हे माप हार्ड ॲनोडायझिंगनंतरचं आहे. थर २५ मायक्रॉनचा. त्यातला साधारण निम्मा पृष्ठभागाच्या वर चढतो, म्हणजे बोअरचा व्यास सुमारे २५ मायक्रॉनने कमी होतो. मशिनिंगचं माप त्या हिशोबानेच धरा, नाहीतर स्पूल अडकेल.

ॲनोडायझिंग तुम्ही बाहेर करून घेता, हे माहीत आहे. तिथे आमचं ड्रॉइंग जायला नको. नुसता नग, थराची जाडी आणि कोणती थ्रेड मास्क करायची एवढं चलनावर लिहिलंत की त्यांचं काम भागतं. मशीनवर ड्रॉइंगची छापील प्रत लावा, पण शिफ्ट संपली की ती क्वालिटीच्या कपाटात ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो कुणालाही नको, आमच्या माणसांनाही नको. रिजेक्ट नग भंगारात देण्याआधी पोर्टमधून आडवे कापून टाका. अख्खा नग बाहेर गेला, तर ड्रॉइंग गेल्यासारखंच आहे.

पुढचं रिव्हिजन आलं की आर३ च्या सगळ्या प्रती नष्ट करून तसं ईमेलने कळवा. ऑर्डर दुसरीकडे गेली तरीही हेच करायचं आहे.

पाच सॅम्पलचं कोटेशन शुक्रवारपर्यंत द्या, फिक्स्चरचा खर्च वेगळा दाखवा. एखादा टॉलरन्स तुमच्या मशीनवर बसत नसेल, तर आधी फोन करा, आमचे डिझाइनवाले येऊन बसतील.

आपला,
देशपांडे
खरेदी विभाग, भोसरी