माने सरांचा क्लास, कागल : जून २०२६ ते मार्च २०२७ चा ब्रँड प्लॅन

सर, मॅडम, हा प्लॅन मी तीन रविवार तुमच्या क्लासमध्ये बसून, अठरा पालकांशी बोलून आणि बसस्टँडजवळ उघडलेल्या मोठ्या चेन क्लासच्या नवीन ब्रँचचं पत्रक समोर ठेवून लिहिलाय. मी तुमचाच विद्यार्थी आहे, आता पुण्यात ब्रँडिंगचंच काम करतो, त्यामुळं जे पटलं तेच लिहिलंय. दोघांनी एकत्र बसून वाचा आणि जे जमणार नाही तिथं पेन्सिलनं फुली मारा.

आत्ता काय झालंय

दोन वर्षांपूर्वी आठवी, नववी, दहावी मिळून ११२ पोरं होती, यंदा ८६. गेलेल्या २६ मधली पंधरा नवीन ब्रँचला गेली, सात रोज केएमटी बसनं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासला जातात, चार घरीच. हायवेवरचा त्यांचा फ्लेक्स आपल्या वर्षभराच्या खर्चापेक्षा महाग असणार. त्याच्यापुढं आपणही फ्लेक्स लावायचा, फ्री बॅग द्यायची, रिक्षावर स्पीकर फिरवायचा, असं मॅडम म्हणत होत्या, काळजीपोटीच म्हणत होत्या ते मला कळतंय. पण आपले दहा हजार त्यांच्या पैशापुढं आठ दिवसात विरघळतील आणि पालकाला वाटेल की दोघं सारखेच आहेत, एक मोठा एक छोटा. मग तो मोठाच निवडणार की.

जे गेले त्यातल्या सहा घरांशी बोललो. तुम्ही वाईट शिकवता असं एकानंही म्हटलं नाही. "तिकडं काहीतरी जास्त मिळत असेल" एवढंच उत्तर. म्हणजे आपल्याकडं काय मिळतं हे आपण कधी नीट सांगितलंच नाही.

आपल्याकडं काय मिळतं

हे मला पालकांकडून नाही, एका वहीतून कळलं. नववीच्या एका मुलीची आई जनावरांच्या गोठ्यापाशी बसली होती, मी क्लासबद्दल विचारल्यावर ती उठली आणि घरातनं गणिताची वही घेऊन आली. एका पानावर −(x − 3) सोडवताना पोरीनं −x − 3 लिहिलं होतं. त्याच्याखाली सर, तुमच्या लाल पेनानं : "रीत बरोबर. कंसाबाहेर उणे असेल तर आतली सगळी चिन्हं बदलतात. खालची तीन परत कर, उद्या दाखव." दुसऱ्या दिवशीच्या पानावर तीन गणितं, तीन टिकमार्क. ती आई म्हणाली, मला गणित काय कळत नाही पण लाल पेन रोज दिसतं, म्हणजे कुणीतरी बघतंय.

सर, आपला ब्रँड हा आहे. ती आई सातवी शिकलेली आहे, तिला पोर्शन, टेस्ट सिरीज, फॅकल्टी यातलं काही तपासता येत नाही पण लाल पेन तपासता येतं. साठ-सत्तर पोरांच्या बॅचमध्ये हे होऊ शकत नाही, त्यांनी कितीही पैसे टाकले तरी. त्यांच्या पत्रकावर सहा हसरे चेहरे आणि मार्क आहेत, पण ज्या पोराला ५८ टक्के पडतात त्याच्यासाठी एक ओळ नाही. आपल्या ८६ मधली साठेक पोरं तशीच आहेत, आणि कागलमधल्या बहुतेक घरातलं पोरगं तसंच असतं.

म्हणून एकच वाक्य, सगळीकडं तेच :

माने सरांचा क्लास. रोज वही बघतो.

बोर्डावरचं ते लांबलचक इंग्रजी नाव काढूया. अठरापैकी एकाही पालकाला ते आठवलं नाही, सगळे "माने सरांचा क्लास"च म्हणतात. लोकांनी दिलेलं नाव आयतं आहे, तेच वापरायचं.

पण मग रोज वही बघावी लागेल

सगळ्यात अवघड भाग हाच आहे. आत्ता सर तुम्ही बघता, पण रोज सगळ्यांची नाही, आठवड्यातनं दोनतीनदा, सराव परीक्षेच्या काळात तर नाहीच. हे वाक्य बोर्डावर लिहिलं आणि आठ दिवस लाल पेन दिसलं नाही तर आपण न बोललेलं बरं होतं.

हिशोब केला. ८६ वह्या, रोज पूर्ण वही नाही, त्या दिवसाचं एकच पान, एका पानाला दोन मिनिटं. साधारण तीन तास. सर, मॅडम आणि तिसरा एक माणूस, म्हणजे प्रत्येकी तासभर. हा तिसरा माणूस आपलाच जुना विद्यार्थी घ्यायचा, बीएस्सीला असलेला, संध्याकाळी मोकळा, महिना पाच हजार. जाहिरातीचा निम्म्याहून जास्त पैसा यात जाणार. मॅडमना हे विचित्र वाटेल हे माहिती आहे, पण आपल्यासाठी हीच जाहिरात आहे, कारण वही रोज रात्री घरी जाते आणि फ्लेक्स हायवेवरच राहतो.

बॅच तीसच्या वर न्यायची नाही. एकतिसावा आला तर नाव लिहून ठेवायचं आणि जागा झाली की फोन करायचा. ओळखीतला आहे, पाव्हण्यांचा आहे, असं करून पस्तीसवर गेलो की दोन महिन्यांत लाल पेन बंद पडेल.

दुसरी सवय फोनची. पोरगं आलं नाही तर क्लास सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत घरी फोन, मेसेज नाही, फोनच. "आज आला नाही, बरं आहे ना?" एवढंच. मॅडम हे आत्ताही करतात, फक्त जमेल तेव्हा. आता रोज.

फी

यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. वर्षाची फी ९,००० आहे ती तशीच ठेवूया, स्वस्त करायची नाही, पण घ्यायची कधी ते बदलूया. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, पेरणी, बियाणं-खत सगळं एकदम येतं आणि नेमकं तेव्हाच सगळे क्लास पैसे मागतात. नवीन ब्रँच तर पूर्ण रक्कम नाहीतर कर्जाचा हप्ता सांगते. आपल्याकडच्या घरात पैसा येतो कसा? ऊसवाल्याला हंगाम सुरू झाल्यावर, हिवाळ्यात. दूधवाल्याला दर दहा दिवसांच्या बिलाला. एमआयडीसीत असणाऱ्याला पगाराला. म्हणून तीन रस्ते ठेवायचे : उसाच्या घराला जूनमध्ये १,५०० आणि बाकी जानेवारीअखेर, दुधाच्या घराला महिन्याला ९००, पगारदाराला तीन हप्ते. प्रवेशाच्या वेळी सरळ विचारायचं, "तुमच्याकडं पैसे कधी येतात?" हा प्रश्न कोल्हापुरात बसलेला चेनचा मॅनेजर कधी विचारणार नाही.

दोनचार घरांकडं थकेल, ते धरून चालूया. पोराला वर्गात फीबद्दल बोलायचं नाही, कधीच. आणि आपली वर्षाची उलाढाल आठ लाखाच्या आत आहे, वीस लाखाच्या खाली असल्यामुळं आपल्याला जीएसटी लागत नाही, म्हणजे फी सांगितली तेवढीच. मोठ्या क्लासला वर १८ टक्के लागतो, पालकाला तो आकडा शेवटी कळतो. आपण पावतीवर "यापेक्षा जास्त एक रुपया नाही" असं छापूया.

निकाल कसा सांगायचा

निकाल लागला की पाच फोटोंचा फ्लेक्स करायचा नाही. पूर्ण निकाल लिहायचा. गेल्या वर्षीचा असा आहे : दहावीला ३१ बसले. ९० च्या वर ३, ७५ ते ९० मध्ये ११, ६० ते ७५ मध्ये १२, ४५ ते ६० मध्ये ४, गणितात १ राहिला आणि तो पुरवणी परीक्षेत सुटला. सर, तो एक लपवू नका. "आमच्याकडं एक राहिला, मग त्याला उन्हाळ्यात रोज सकाळी बसवला" हे वाचून ज्याचं पोरगं गणितात कच्चं आहे तो बाप थेट तुमच्याकडं येईल. एकतीसपैकी किती, हे लिहिण्याची हिंमत मोठ्यांच्यात नाही.

कायद्याच्या बाजूनंही हे बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर ती लागू होतात, म्हणजे आपल्यालाही. यशाची किंवा मार्कांची खात्री द्यायची नाही, आणि पोराचं नाव-फोटो वापरायचा तर निकाल लागल्यावर त्याची लेखी परवानगी घ्यायची, आधी नाही. आपण फक्त आकडे लिहिणार, नावं नाहीत. "१०० टक्के निकालाची हमी" हे जुन्या पत्रकावरचं वाक्य मात्र आजच काढा.

जे करायचं नाही

अकरावी-बारावी सायन्स सुरू करायचं नाही. सीईटी आणि नीटची तयारी हे वेगळंच काम आहे, नीटला चुकलेल्या उत्तराचा एक मार्क जातो, सीईटीला जात नाही, सराव घ्यायची पद्धतच बदलते, त्याला वेगळे शिक्षक लागतात. कुणी विचारलं तर तुम्हाला खात्री असलेल्या कोल्हापुरातल्या एकदोन शिक्षकांकडं स्वतः फोन करून पाठवा. कमिशन घ्यायचं नाही. त्या घरातलं धाकटं भावंड आपल्याकडंच येतं, हे अठरापैकी पाच घरांत बघितलं.

व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंग आणि सुविचार बंद. आठवड्यातनं एकच मेसेज, शनिवारी : या आठवड्यात काय शिकवलं, कोणत्या गणितात सगळ्यांची चूक झाली, घरी काय विचारा. पाच ओळी. "पोराला विचारा, त्रिकोण एकरूप आणि समरूप यात फरक काय" असं. ज्याला स्वतःला येत नाही त्या पालकालाही विचारता येतं.

कुठं दिसायचं

डेअरीपाशी. सकाळ-संध्याकाळ निम्मं कागल तिथं उभं असतं आणि क्लासचं बोलणं तिथंच होतं. तिथं बोर्ड नको, फक्त आपल्या पोरांच्या आया-बापांना सांगण्यासारखं काहीतरी हातात पाहिजे, ती वही. वहीचं कव्हर आपलं छापायचं, पांढरं, लाल अक्षरात ते वाक्य आणि फोन नंबर. बाकी क्लासची एक भिंत आणि शाळेच्या वाटेवरची एक भिंत, घरमालकाला विचारून, गावातल्या पेंटरकडनं हातानं रंगवून.

२६ जूनला शाहू जयंती. महाराज १८७४ मध्ये कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मले आणि १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या दिवशी आपण कुणाचाही फोटो मोठा करायचा नाही. सकाळी आठ ते बारा क्लास उघडा ठेवायचा, कोणत्याही शाळेचं, कोणत्याही क्लासचं पोरगं वही घेऊन येईल, तुम्ही बघून द्याल, फुकट. दरवर्षी. जे काम आपण रोज करतो तेच त्या दिवशी सगळ्या गावासाठी.

पैसे

एकूण ९०,०००. वही बघणाऱ्या मुलाचं मानधन दहा महिने ५०,०००. बोर्ड आणि दोन भिंती १२,०००. छापील कव्हरच्या वह्या ६,०००. पालक सभांचा चहा-पोहे ४,०००, फोन ३,०००. राहिलेले १५,००० हात लावायचे नाहीत, थकलेल्या फीसाठी.

चाललंय का ते कसं बघायचं

प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा : "कुणाच्या सांगण्यावरनं आलात?" आणि नाव लिहा. दिवाळीपर्यंत नव्या दहापैकी सहा जणांनी आपल्या पालकांचं नाव लिहिलं तर बरोबर चाललोय. दुसरं, दर शुक्रवारी मॅडमनी कोणत्याही पाच वह्या उचलायच्या आणि क्लासच्या मागच्या सहा दिवसांत किती दिवस लाल पेन आहे ते मोजायचं. सहापैकी पाचच्या खाली आलं तर नवीन प्रवेश थांबवायचे, जाहिरात नाही वाढवायची.

पहिलं काम येत्या रविवारी : पेंटरला बोलवा, आणि बीएस्सीला असलेल्या आपल्या जुन्या पोरांची यादी काढा. यादीतल्या पहिल्या तिघांशी मी स्वतः बोलतो.