ऑर्डर बंद आहेत – दुपारी २:४७ चं अपडेट

मॅडम, आधी महत्त्वाचं सांगतो. २:१२ पासून बऱ्याच लोकांच्या ऑर्डर पडत नाहीयेत. मूळ अडथळा २:३१ ला काढलाय, आता बऱ्याच ऑर्डर जातायत पण सगळं सुरळीत झालं असं मी अजून म्हणणार नाही. पुढचं अपडेट ३:१५ ला, नवीन काही कळलं नाही तरी टाकतोच.

आत्ता नक्की माहीत आहे ते असं. लॉगिन चालू आहे, प्रॉडक्टची पानं पण उघडतायत (ती कॅशमधून येतात), अडतंय ते फक्त "ऑर्डर करा" दाबल्यावर आणि "माझ्या ऑर्डर" उघडताना. सगळ्यात वाईट वेळी १० पैकी साधारण ७ ऑर्डर फेल होत होत्या, आत्ताच्या ग्राफवर ते १५ टक्क्यांवर आलंय. ॲप सर्व्हरच्या लॉगमध्ये हीच एक ओळ सारखी येत होती:

```
FATAL: sorry, too many clients already
```

म्हणजे डेटाबेसची कनेक्शन लिमिट भरली होती. पण ते कारण नाही, परिणाम आहे, म्हणून लिमिट वाढवायच्या भानगडीत पडलो नाही. झालं असं की २:०८ ला आजच्या डिप्लॉयमधलं मायग्रेशन `orders` टेबलवर नवीन कॉलम टाकायला गेलं, त्याला त्या टेबलचा पूर्ण लॉक लागतो, आणि त्याच टेबलवर १:४० पासून एक ट्रान्झॅक्शन उघडंच पडलेलं होतं (`idle in transaction`) त्यामुळे मायग्रेशन अडकलं, आणि एकदा ते रांगेत उभं राहिलं की त्याच्यामागून येणारी साधी वाचायची क्वेरीसुद्धा थांबते, तशा शेकडो थांबल्या आणि चार मिनिटांत कनेक्शन संपली. डीबी टीमसोबत कॉलवर बसून मायग्रेशन कॅन्सल केलं:

```sql
SELECT pg_cancel_backend(18342);
```

रांग लगेच हलली. मायग्रेशन अर्धवट राहिलेलं नाही, पोस्टग्रेसने ते पूर्ण मागे घेतलंय, टेबलची रचना तपासली, कॉलम आलेला नाही. नवीन कोड मायग्रेशननंतरच चढणार होता त्यामुळे चारही सर्व्हरवर जुनाच कोड आहे, रोलबॅकची गरज नाही.

आता काय माहीत नाही ते. उरलेले १५ टक्के एरर जवळपास सगळे एकाच सर्व्हरवरून येतायत, त्याचा कनेक्शन पूल सावरलेला दिसत नाही पण का ते कळलेलं नाही. २:४४ ला तो लोड बॅलन्सरमधून बाहेर काढलाय, ग्राफ दोन-तीन मिनिटं मागे असतो म्हणून फरक पडला की नाही हे आत्ता छातीठोक सांगता येत नाही. आत्ताचा लोड तीन सर्व्हर ओढतील, संध्याकाळच्या गर्दीला मात्र चौथा लागेलच.

दुसरं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, किती लोकांचे पैसे कट झाले आणि ऑर्डर बनली नाही याचा आकडा आपल्याकडे नाही. असे लोक आहेत हे नक्की, सपोर्टकडे तक्रारी आल्यात. पेमेंट गेटवे आपल्याला परत परत कळवायचा प्रयत्न करतो त्यामुळे काही ऑर्डर आपोआप लागतील, पण त्यावर विसंबून चालणार नाही. पेमेंट टीम २:१२ पासूनचे व्यवहार ऑर्डरशी जुळवून बघतेय, पहिला आकडा ३:१० पर्यंत देतो म्हणालेत. तोपर्यंत कुणी अंदाजे आकडा मागितला तर प्लीज देऊ नका, नंतर तो खोडत बसावं लागतं.

तिसरं, ते १:४० चं ट्रान्झॅक्शन रिपोर्टच्या जॉबचं आहे एवढं सेशनच्या नावावरून दिसतंय, ते उघडं का राहिलं हे कळलेलं नाही. मुद्दाम अजून मारलेलं नाही, कारण आत्ता ते कुणालाही अडवत नाहीये आणि त्यात काही लिहायचं बाकी आहे का ते रिपोर्टवाल्यांना विचारलंय. ३ पर्यंत उत्तर आलं नाही तर डीबी टीमला विचारून बंद करू.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. आज कुठल्याच टीमचं डिप्लॉय जाऊ नये, हे तुम्ही सांगितलंत तर सगळे ऐकतील. आणि सपोर्टला हा मेसेज लावायला ओके द्या: "काही ऑर्डर नोंदवण्यात अडचण येत आहे. पैसे कट झाले असतील तर कृपया पुन्हा पेमेंट करू नका, आम्ही तपासून कळवतो." लोक घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतायत, ते आधी थांबायला हवं, त्यामुळे याला जरा लगेच उत्तर द्या.

मी इन्सिडंट कॉलवरच आहे. एरर परत २५ टक्क्यांच्या वर गेले तर ३:१५ ची वाट न बघता थेट फोन करतो.