स्वाध्याय क्र. 2 : श्रेणी आणि शेऱ्यांविषयी

श्री. निखिल यांस,

स. न. वि. वि.

रविवारी रात्री पाठवलेला तुमचा ई-मेल मिळाला. 'दख्खनचे दंगे : कारणे आणि परिणाम' या स्वाध्यायाला तुम्हाला 30 पैकी 19 गुण मिळाले असून श्रेणी बी प्लस आहे. तुम्हाला एवढेच हवे होते, म्हणून ते आधी लिहिले. 'शेऱ्यांची आवश्यकता नाही, कृपया यापुढे फक्त श्रेणी कळवावी' या तुमच्या वाक्याचे उत्तर मात्र मला द्यावे लागेल. ते थोडक्यात देते.

दिवसभर तहसील कार्यालयात अव्वल कारकुनाचे काम करून रात्री एम.ए.चा अभ्यास करणाऱ्या माणसाला प्रत्येक पानाच्या समासात लाल शाई दिसली की वैताग येणार, हे मी समजू शकते. तुमच्या चौदा पानांवर मी तेवीस शेरे लिहिले आहेत. काल ते पुन्हा मोजले, तेव्हा त्यांतले निदान नऊ ऱ्हस्व-दीर्घाचे आणि विरामचिन्हांचे निघाले. ते सगळे लिहिण्याची गरज नव्हती. एका ओळीत सांगून भागले असते. तेवढ्यापुरती तुमची तक्रार मला मान्य आहे.

उरलेल्या चौदा शेऱ्यांबाबत मात्र मी मागे येणार नाही. तुमच्याच कार्यालयात मंडल अधिकाऱ्याने एखादा फेरफार नामंजूर केला आणि कारणच लिहिले नाही, तर खातेदाराने अपील कशाच्या आधारावर करायचे? 19 हा आकडाही तसाच एक निर्णय आहे आणि शेरे ही त्याची कारणे आहेत. ती वाचायची की नाही, हे तुम्ही ठरवा. पण ती लिहिली नाहीत, तर 19 ऐवजी 16 किंवा 23 का नाहीत, हे मला तुम्हालाही सांगता येणार नाही आणि उद्या फेरतपासणी झाली तर परीक्षकांनाही सांगता येणार नाही.

आता कापल्या गेलेल्या 11 गुणांविषयी. त्यांतले बहुतेक दोनच ठिकाणी गेले आहेत, म्हणून बाकीचे शेरे बाजूला ठेवून त्या दोहोंबद्दलच लिहिते.

पहिले ठिकाण पान 4 वर आहे. 'अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे कापसाचे भाव कोसळले व त्यामुळे शेतकऱ्यांनी दंगे केले,' असे तुम्ही लिहिले आहे. युद्ध 1865 मध्ये संपले आणि सुप्याच्या बाजारात सावकारांवर हल्ला झाला तो 12 मे 1875 रोजी. मधली दहा वर्षे तुमच्या वाक्यात 'व त्यामुळे' या दोन शब्दांत बसवली आहेत. त्याच वर्षांत जुन्या जमाबंदीची मुदत संपून फेरपाहणी झाली आणि सारा बराच वाढला. भाव उतरू लागल्यावर सावकारांनी नवे कर्ज देताना हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जासाठी तगादा वाढवला. तुम्ही या दोन्ही गोष्टी पान 7 वर दिल्या आहेत, पण 'इतर कारणे' या मथळ्याखाली सुट्या ठेवल्या आहेत. त्या उचलून पान 4 वर, त्या दहा वर्षांच्या पोकळीत आणल्या असत्या, तर नवे काही न वाचताही निबंध सावरला असता. तिथे मी समासात '10 वर्षे?' एवढेच लिहिले होते. आता वाटते की तो शेरा फारच त्रोटक झाला. तो तुम्हाला निरुपयोगी वाटला असेल, तर दोष माझा आहे.

दुसरे ठिकाण पान 9 वर आहे, आणि हे पत्र मी मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे. 'दंगेखोरांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. ज्यांनी कागद मुकाट्याने स्वाधीन केले त्यांना बहुतेक ठिकाणी इजा झाली नाही,' असे तुम्ही लिहिले आणि लगेच 951 जणांच्या अटकेकडे वळलात. संपूर्ण स्वाध्यायातले सर्वांत मोलाचे निरीक्षण याच एका वाक्यात आहे आणि तुम्ही त्यावरून पुढे निघून गेलात. धान्य किंवा दागिने लुटण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर लोकांचा एवढा भर का होता, हा प्रश्न तिथे विचारायला हवा होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, ती व्याज साचत जाऊ नये म्हणून. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेऊ लागले, त्यात थकलेले व्याज मुद्दल म्हणून चढू लागले, आणि ज्याला वाचता येत नव्हते तो शेतकरी त्यावर अंगठा उठवत राहिला. तुम्ही पान 6 वर हा कायदा 'सावकारधार्जिणा' म्हटला आहे. कायद्याचा हेतू आणि त्याचा परिणाम यांत तुम्ही गल्लत केली, आणि गुण गेले ते इथेच.

हा धागा धरला की 1879 च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याचा तुमचा परिच्छेदही बदलतो. तुम्ही त्यातील तरतुदींची यादी दिली आहे, ती बरोबर आहे. पण न्यायालयाने रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता त्यामागच्या व्यवहाराचा इतिहास तपासावा, आणि नवे दस्त ग्राम निबंधकासमोर व्हावेत, या दोन तरतुदी सुप्यात जाळल्या गेलेल्या त्याच कागदांबद्दल आहेत, हे यादीत दिसत नाही. दस्त, नोंद, अंगठा आणि त्यामागे खरोखर काय घडले, यांतले अंतर तुम्ही नोकरीत रोज पाहता. वर्गातल्या इतर कोणापेक्षाही हे तुम्ही अधिक चांगले लिहू शकला असता, म्हणूनच त्या जागी माझा शेरा सर्वांत लांब आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगते. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इस्रायलमधील शाळकरी मुलांवरच्या एका अभ्यासात असे दिसले होते की, ज्यांना नुसते शेरे मिळाले त्यांचे काम सुधारले. ज्यांना गुण आणि शेरे एकत्र मिळाले त्यांना मात्र शेऱ्यांचा फायदा झाला नाही. ती मुले लहान होती, त्यामुळे ते तुम्हाला जसेच्या तसे लागू करणार नाही. तरीही पहिल्या पानावर ठळक अक्षरांत श्रेणी लिहून आत शेरे लिहीत जाण्याची माझी पद्धत फारशी शहाणपणाची नाही, हे मला पटते. स्वाध्याय क्र. 3 पासून शेरे जास्तीत जास्त पाच असतील, शुद्धलेखनाची एकच ओळ असेल, आणि श्रेणी शेवटच्या पानाच्या तळाशी असेल. तुम्ही थेट शेवटचे पान उघडलेत, तरी माझी हरकत नाही.

पान 9 वरचा तो मुद्दा साधारण तीनशे शब्दांत पुन्हा लिहून 20 तारखेपर्यंत पाठवलात, तर मी तो वाचेन. अंतर्गत गुण कळवण्याची मुदत 25 तारखेला संपते. त्याआधी 19 मध्ये बदल करणे माझ्या अधिकारात आहे. पाठवला नाहीत, तर बी प्लस कायम राहील.

कळावे,

आपली,
समुपदेशक, एम.ए. इतिहास (भाग 1)