मन वढाय वढाय: बहिणाबाईंची कविता, कडव्याकडव्याने

१. आधी कवितेची ओळख

मुलांनो, ही कविता बहिणाबाई चौधरींची. जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोदे गावी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचायच्या आणि ती त्यांच्या तोंडातच राहायची. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांच्यामुळे ही गाणी कागदावर आली. पुस्तक छापून आलं १९५२ साली. त्याच्या आदल्याच वर्षी बहिणाबाई गेल्या होत्या.

२. ही भाषा वाचायची कशी?

बोली खानदेशातली आहे. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की निम्मं काम होतं.
आपण ‘ळ’ म्हणतो तिथे बऱ्याचदा ‘य’ येतो: आभाळ – आभाय, चपळ – चप्पय.
‘ण’च्या जागी ‘न’ येतो: कोण – कोन, दाणा – दाना.
‘त्याला’ म्हणजे ‘त्याले’.
ही अशुद्ध मराठी नव्हे. लाखो माणसं घरात अशीच बोलतात. वर्गात कुणी हसलं तर त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. दोन कडव्यांत त्याच्या जिभेलाही ती गोड लागेल.

३. पहिलं कडवं

*मन वढाय वढाय*
*उभ्या पीकातलं ढोर*
*किती हाकला हाकला*
*फिरी येतं पिकांवर*

वढाय म्हणजे ओढाळ. दावं सोडलं की दुसऱ्याच्या शेताकडे धाव घेणाऱ्या गुराला शेतकरी ओढाळ म्हणतात. उभं पीक म्हणजे कापणी न झालेलं, शेतात डोलणारं पीक. अशा गुराला एकदा हिरव्या ताटांची चव लागली की बांधाबाहेर हाकललं तरी पाठ वळताच ते पुन्हा आत शिरतं.

अभ्यासाला बसल्यावर मन मैदानावर जातं, आपण ओढून आणतो, ते परत जातं. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

एक बघा. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवतात, म्हणजे त्याला पळता येत नाही. बहिणाबाईंना हे ठाऊक नसेल असं कसं म्हणावं? पण कवितेत ना लोढणं आहे ना काठीचा मार. आहे ते फक्त हाकलणं, पुन्हा पुन्हा. मनावर त्या चिडलेल्या नाहीत, हे इथेच कळतं.

४. दुसरं आणि तिसरं कडवं

*मन मोकाट मोकाट*
*त्याले ठायी ठायी वाटा*
*जशा वाऱ्यानं चालल्या*
*पान्यावऱ्हल्या रे लाटा*

*मन लहरी लहरी*
*त्याले हाती धरे कोन?*
*उंडारलं उंडारलं*
*जसं वारा वाहादन*

दोन्हीकडे वारा आहे, म्हणून ही कडवी एकत्र वाचू. आधी वारा पाण्यावरून जातो आणि लाटा उठतात. मनाला जागोजागी वाटा फुटतात, तशा. पुढच्या कडव्यात तोच वारा वाहादन, म्हणजे वादळी होतो. उंडारणं म्हणजे कामधाम सोडून हुंदडणं. लाट निदान डोळ्यांना दिसते. वादळाला हातात कोण धरणार?

५. चौथं कडवं

*मन जह्यरी जह्यरी*
*याचं न्यारं रे तंतर*
*अरे, इचू साप बरा*
*त्याले उतारे मंतर!*

इथे कवितेचा सूर बदलतो. आतापर्यंत मन नुसतं पळत होतं. आता ते जहरी, विषारी झालं. विंचू-साप परवडले, त्यांचं विष मंत्राने उतरतं तरी. मनात भिनलेल्या विषाला तोही उतारा नाही. राग, मत्सर, सूडाची भावना यांतलं हे विष नेमकं कोणतं, ते बहिणाबाई सांगत नाहीत. तुम्हाला जे आठवेल ते तुमच्या उत्तरात लिहा.

(मंत्राने विष उतरतं ही त्या काळच्या गावातली समजूत. साप किंवा विंचू चावला तर तडक दवाखाना गाठायचा.)

६. पाचवं आणि सहावं कडवं

*मन पाखरू पाखरू*
*त्याची काय सांगू मात?*
*आता व्हतं भुईवर*
*गेलं गेलं आभायात*

*मन चप्पय चप्पय*
*त्याले नही जरा धीर*
*तठे व्हयीसनी ईज*
*आलं आलं धर्तीवर*

मात म्हणजे गोष्ट, तठे म्हणजे तिथे, व्हयीसनी म्हणजे होऊन, ईज म्हणजे वीज.

‘तठे’ म्हणजे कुठे? याचं उत्तर आधीच्या कडव्यात आहे: आभाळात. भुईवरून पाखरू होऊन वर गेलेलं मन तिथे पोचताच वीज होतं आणि खाली येतं. एक फेरी पूर्ण! म्हणून ही दोन कडवी कधी तोडून वाचू नका. ‘गेलं गेलं’ आणि ‘आलं आलं’ म्हणताना मान आपोआप वर आणि खाली होते. करून बघा.

७. सातवं कडवं

*मन एवढं एवढं*
*जसा खाकसचा दाना*
*मन केवढं केवढं?*
*आभायात बी मायेना*

खाकस म्हणजे खसखस. दिवाळीत अनारशावर लावतात ती. तिचा एकच दाणा बोटाच्या टोकावर घ्या. जरा जोरात श्वास सोडला तरी उडून जातो. मन एवढंसं. आणि तेच मन आभाळातही मावत नाही.

‘एवढं’ आणि ‘केवढं’ यांत एका अक्षराचा फरक, पण तेवढ्यात दाण्याचं आभाळ झालं. कोणताही अवघड शब्द न वापरता. माझ्या मते अख्ख्या कवितेतलं सर्वांत सुंदर कडवं हेच. तुमचं मत वेगळं असू शकतं.

८. आठवं आणि नववं कडवं

*देवा, कसं देलं मन*
*आसं नही दुनियांत!*
*आसा कसा रे तू योगी*
*काय तुझी करामत!*

*देवा, आसं कसं मन?*
*आसं कसं रे घडलं*
*कुठे जागेपनी तूले*
*असं सपनं पडलं!*

आतापर्यंत मनाविषयी बोलणं चाललं होतं. आता बहिणाबाई थेट देवाकडे वळतात, तेही ‘अरे-तुरे’ करत. घरच्या माणसाशी बोलावं तसं. मनावर ताबा दे, असं मागणं त्या कुठेच मागत नाहीत. त्यांना नवल वाटतंय: असली वस्तू तू घडवलीस तरी कशी? तुला जागेपणीच स्वप्न पडलं की काय?

स्वप्नं माणसाला झोपेत पडतात. देवाला जागेपणी पडलेलं स्वप्न म्हणजे आपलं मन. ही कल्पना शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला सुचली.

९. रसग्रहण लिहिणाऱ्यांसाठी

‘जसा’, ‘जशा’, ‘जसं’ आलं तिथे उपमा: लाटा, वारा, खसखस.
‘मन पाखरू पाखरू’मध्ये ‘जसं’ नाही, मनालाच पाखरू म्हटलंय. ते रूपक. पहिल्या कडव्यातलं ढोरही तसंच.
चौथ्या कडव्यात मन विषाच्या बाबतीत विंचू-सापालाही मागे टाकतं, तो व्यतिरेक.

ओळी उद्धृत करताना बोलीतलेच शब्द लिहा. ‘आभाय’चं ‘आभाळ’ करू नका. अर्थ मात्र तुमच्या स्वतःच्या भाषेत सांगा. या स्लाइडवरची वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर ती तुमच्या बाईंना लगेच ओळखू येतील, कारण हे कॅरोसल त्यांनीही जतन करून ठेवलं असणार.